हवामानाचा अंदाज ओळीओळीने कसा वाचावा

हवामानाचा अंदाज बहुतेक जण दोनच गोष्टींसाठी उघडतात: ऊन किती आणि पाऊस येणार का. मधल्या ओळी डोळ्यांखालून जातात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. खरं तर आज घामाने जीव नकोसा होईल की नाही, पाऊस चार वाजता कोसळेल की दिवसभर रिपरिपेल, आणि उद्या सकाळी हवा खरोखर बदललेली असेल का, हे सगळं त्याच ओळींत लिहिलेलं असतं. एक नमुना घेऊन आपण तो ओळीओळीने वाचू. हा नमुना मी उदाहरणासाठी रचला आहे आणि तो उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण भागातल्या एका गावाचा आहे असं धरा. त्यातले आकडे मात्र एकमेकांशी जुळणारे आहेत, म्हणजे हवेच्या नियमांप्रमाणे ते असेच येतील.

> प्रसारण: सकाळी ६. वैधता: आज सकाळी ६ ते उद्या सकाळी ६.
> किमान तापमान २२°, कमाल ३३°. दवबिंदू २१°.
> सापेक्ष आर्द्रता सकाळी ९४ टक्के, दुपारी ४९ टक्के.
> शीत आघाडी संध्याकाळी वायव्येकडून सरकत येईल.
> वर्षणाची शक्यता ६० टक्के, अपेक्षित प्रमाण १५ ते २५ मिमी.
> दुपारी ४ ते रात्री १०: मेघगर्जनेसह जोरदार पावसाचा पिवळा इशारा.

पायरी १: आधी वेळ पाहा

अंदाज कधी दिला आणि तो कधीपासून कधीपर्यंत लागू आहे, या दोन वेगळ्या वेळा असतात. काल रात्री दिलेला अंदाज आणि आज सकाळी दिलेला अंदाज यांत संध्याकाळच्या पावसाची वेळ दोन-तीन तासांनी सहज बदलते. नकाशावर किंवा उपग्रहाच्या चित्रावर वेळेपुढे UTC लिहिलेलं दिसलं, तर ती जागतिक प्रमाणवेळ असते. तिच्यात आपल्या भागाचा फरक मिळवल्याशिवाय ती वाचू नका.

पायरी २: टक्के सोडा, दवबिंदू धरा

इथे सगळ्यात जास्त गल्लत होते, म्हणून जरा थांबू. नमुन्यात सकाळी आर्द्रता ९४ टक्के आहे आणि दुपारी ४९. वाचणाऱ्याला वाटतं, हवा दुपारपर्यंत निम्मी कोरडी झाली. पण तसं काहीच झालेलं नाही. हवेतली वाफ जवळपास तेवढीच आहे.

‘सापेक्ष’ या शब्दातच मेख आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत आत्ता असलेली वाफ, त्या तापमानाला जास्तीत जास्त राहू शकणाऱ्या वाफेच्या किती टक्के आहे ते. ही कमाल मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. २२ अंशांना एका घनमीटरमध्ये सुमारे १९ ग्रॅम वाफ राहू शकते, तर ३३ अंशांना सुमारे ३६ ग्रॅम. आपल्या नमुन्यात सकाळी आणि दुपारी वाफ आहे साधारण १८ ग्रॅमच. सकाळी १९ पैकी १८, म्हणून चौऱ्याण्णवच्या आसपास टक्के. दुपारी ३६ पैकी १८ च्याही थोडी कमी, म्हणून एकोणपन्नास. पाणी तेच, भांडं मोठं झालं.

मी स्वतः कितीतरी दिवस सकाळचे नव्वदच्या पुढचे टक्के पाहून ‘आज पाऊस येणार’ असं मानत होतो आणि दुपारी चक्क ऊन पडायचं. पहाटे तापमान सर्वांत कमी असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी टक्के तेव्हाच सर्वांत जास्त असतात. त्याचा पावसाशी थेट संबंध नाही.

मग वाफ खरोखर किती आहे हे कशावरून कळतं? दवबिंदूवरून. हवा जशी आहे तशीच, त्यात वाफ न घालता आणि त्यातली न काढता, थंड करत नेली तर ज्या तापमानाला दव धरू लागतं, ते तापमान म्हणजे दवबिंदू. वाफ जास्त असेल तर थोडं थंड केलं तरी दव पडतं, म्हणजे दवबिंदू वरचा असतो. वाफ कमी असेल तर खूप थंड करावं लागतं, म्हणजे दवबिंदू खालचा. दुपारचं ऊन त्याला सकाळी एक आणि दुपारी दुसराच असा करत नाही. म्हणूनच तो विश्वासाचा आकडा आहे.

घाम वाळतो की नाही, हेही दवबिंदूवरच जास्त ठरतं. दवबिंदू १३ अंशांच्या खाली असेल तर हवा बहुतेकांना कोरडी, हलकी वाटते. १६ ते १८ च्या दरम्यान दमटपणा जाणवू लागतो. २१ च्या पुढे अंग चिकट होतं आणि २४ च्या वर सावलीत बसूनही घाम वाळत नाही. या काही आखीव रेषा नव्हेत. सतत दमट हवेत राहणाऱ्याला २१ अंश सोसतात, कोरड्या प्रदेशातून आलेल्याला सोसत नाहीत. आपल्या नमुन्यात दवबिंदू २१ आहे, म्हणजे दुपारचे ३३ अंश अंगाला ३६ च्या आसपास वाटतील. काही अंदाजांत ‘जाणवणारं तापमान’ असा जो वेगळा आकडा असतो, तो उकाड्याच्या दिवसांत असाच तापमान आणि आर्द्रता एकत्र करून काढलेला असतो.

दवबिंदू दिलेला नसेल, तर तापमान आणि टक्के यांवरून त्याचा ढोबळ हिशेब करता येतो. आर्द्रता १०० पेक्षा जितकी कमी, त्याला ५ ने भागा आणि येणारा आकडा तापमानातून वजा करा. सकाळी ९४ टक्के, म्हणजे ६ कमी. ६ भागिले ५, साधारण १. म्हणून २२ वजा १, दवबिंदू २१. जुळलं. पण दुपारच्या ४९ टक्क्यांवर हाच हिशेब केला तर उत्तर २३ च्या आसपास येतं, जे चुकीचं आहे. ही युक्ती आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असतानाच वापरायची, आणि जितकी वर तितकी ती नेमकी.

विश्वास बसत नसेल तर दवबिंदू घरीच मोजून पाहा. चकचकीत, पातळ पत्र्याचा पेला घ्या. त्यात खोलीत ठेवलेलं साधं पाणी अर्ध्यापर्यंत भरा आणि त्यात तापमापी उभी धरा. बर्फाचा छोटा तुकडा टाकून ढवळा, विरघळला की दुसरा टाका. पेल्याच्या बाहेरच्या बाजूवर डोळा ठेवा. एका क्षणी चकाकी मंदावते आणि काचेवर उच्छ्वास सोडल्यावर धरतं तसं पातळ धुकं पत्र्यावर धरतं. बोट फिरवलं तर रेघ उमटते. त्या क्षणी तापमापी काय दाखवते ते लिहून ठेवा. मग बर्फ थांबवा, पाणी हळूहळू तापू द्या, आणि धुकं नाहीसं होईल तेव्हाचं तापमानही लिहा. दोन्हींची सरासरी म्हणजे त्या हवेचा दवबिंदू. चुका दोन ठिकाणी होतात. बर्फ एकदम जास्त टाकला तर तापमापी मागे राहते आणि आकडा चुकतो. आणि पेल्यावर वाकून पाहिलं तर आपल्याच श्वासातली वाफ पत्र्यावर बसते. हातभर लांबून पाहा. एक लक्षात ठेवा: हा आकडा पेला ठेवला त्या जागेचा असतो. वातानुकूलित खोलीत तो बाहेरच्यापेक्षा बराच कमी येतो.

दवबिंदूचा आणखी एक उपयोग पहाटेसाठी आहे. रात्रीचं किमान तापमान दवबिंदूच्या अगदी जवळ येणार असेल, आकाश निरभ्र असेल आणि वारा जवळजवळ पडलेला असेल, तर धुकं धरण्याची शक्यता मोठी. पहाटे गाडी चालवायची असेल तर या दोन आकड्यांमधलं अंतर आदल्या रात्रीच पाहून ठेवा.

पायरी ३: आघाडी म्हणजे काय ते समजून घ्या

‘शीत आघाडी सरकत येईल’ ही ओळ संपूर्ण अंदाजाचं कारण सांगते. हवेच्या मोठमोठ्या राशी असतात. एक थंड आणि कोरडी, दुसरी उबदार आणि दमट. त्या सहजासहजी एकमेकींत मिसळत नाहीत. त्यांच्यामधली हद्द म्हणजे आघाडी. काही पुस्तकांत तिला सीमापृष्ठ किंवा वाताग्र असंही म्हटलेलं सापडेल. ही कल्पना पहिल्या महायुद्धाच्या काळात नॉर्वेतल्या बर्गेन इथे विल्हेल्म ब्यर्कनेस यांच्याभोवती जमलेल्या हवामानशास्त्रज्ञांनी मांडली. दोन सैन्यं समोरासमोर भिडलेली असतात ती रेषा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि तिचंच नाव हवेच्या या हद्दीला मिळालं.

थंड हवा जड असते. ती पाचरीसारखी जमिनीलगत घुसते आणि समोरच्या दमट हवेला वर उचलते. वर जाणारी हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंशांनी थंड होते. वर जाताना तिचा दवबिंदूही थोडा खाली सरकतो, किलोमीटरला सुमारे २ अंश. म्हणजे तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर किलोमीटरला सुमारे ८ अंशांनी मिटत जातं. आपल्या नमुन्यात दुपारी हे अंतर ३३ वजा २१, म्हणजे १२ अंश. १२ भागिले ८, दीड किलोमीटर. जमिनीपासून दीड किलोमीटर वर गेली की ही हवा दव धरू लागेल, आणि तिथेच ढगाचा सपाट तळ दिसेल. दुपारी आकाशात कापसाच्या ढिगांसारखे ढग एकाच पातळीवर कापल्यासारखे सपाट का दिसतात, त्याचं हे कारण.

शीत आघाडीचा उतार तीव्र असतो, म्हणून हवा पटकन वर फेकली जाते. ढग उंच वाढतात, पाऊस अरुंद पट्ट्यात, जोरात आणि थोडा वेळ पडतो, बरोबर विजाही येतात. उष्ण आघाडीत याच्या उलट होतं. उबदार हवा समोरच्या थंड हवेच्या अंगावर सावकाश चढत जाते, आधी उंचावर तंतूसारखे पांढरे ढग येतात, मग आकाश भरून येतं आणि बराच वेळ मंद पाऊस लागतो. नकाशावर शीत आघाडी निळ्या रेषेने आणि त्रिकोणांनी दाखवतात, उष्ण आघाडी लाल रेषेने आणि अर्धवर्तुळांनी. त्रिकोण किंवा अर्धवर्तुळं ज्या बाजूला काढलेली असतात, त्या बाजूला ती सरकते आहे.

विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशांत मात्र आघाड्या क्वचितच येतात, कारण तिथे शेजारशेजारच्या हवांच्या तापमानात एवढा फरकच नसतो. तिथल्या अंदाजात त्याऐवजी ‘कमी दाबाचं क्षेत्र’ किंवा ‘कमी दाबाचा पट्टा’ असे शब्द दिसतील. हवा वर उचलली जाते हे तिथेही खरं, फक्त उचलणारी पाचर थंड हवेची नसते.

पायरी ४: वर्षणाचे दोन आकडे वेगवेगळे वाचा

वर्षण हा शब्द पावसापेक्षा मोठा आहे. ढगातून सुटून जमिनीपर्यंत पोचणारं पाणी कुठल्याही रूपात असो, पाऊस, रिमझिम, हिम किंवा गारा, ते वर्षण. धुकं आणि दव त्यात धरत नाहीत, कारण ती ढगातून पडत नाहीत. कधी कधी ढगाखाली पावसाच्या राखाडी झालरी लोंबताना दिसतात आणि खाली थेंबही पडत नाही, कारण पाणी वाटेतच वाळून जातं. तेही वर्षण नव्हे.

६० टक्के शक्यता म्हणजे साठ टक्के वेळ पाऊस पडेल असं नाही, आणि गावाच्या साठ टक्के भागात पडेल असंही नाही. त्या काळात, तुमच्या जागी मोजण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता दहात सहा. मोजण्याइतका म्हणजे फारच थोडा. ही मर्यादा देशागणिक थोडी वेगळी असते, पण एक मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही कमी. म्हणून ९० टक्के शक्यता असलेला दिवस नुसत्या भुरभुरीत संपू शकतो आणि ३० टक्क्यांचा दिवस तासाभरात रस्ता पाण्याखाली घालू शकतो. शक्यता पावसाचा जोर सांगत नाही. अंदाज चांगला आहे का हे एका दिवसावरून ठरवताही येत नाही. ६० टक्के म्हटलेले पुष्कळ दिवस घ्या, त्यांतल्या साधारण साठ टक्के दिवशी पाऊस पडला असेल तर तो अंदाज प्रामाणिक.

जोर सांगतात ते मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या छतावर २० मिमी पडला, तर एक हजार लिटर पाणी पन्हळीतून उतरणार. तेच पाणी दिवसभरात उतरलं तर कोणाला कळणारही नाही, अर्ध्या तासात उतरलं तर पन्हळ ओसंडेल. त्यामुळे मिलिमीटरच्या शेजारी वेळ पाहायलाच हवी. तासाला अडीच मिमीपर्यंत हलका, अडीच ते दहा मध्यम आणि दहाच्या वर जोरदार, अशी एक रूढ विभागणी आहे. देशोदेशी तिच्यात थोडा फरक असतो, आणि काही ठिकाणी ती तासावर नाही तर दिवसभराच्या एकूण पावसावर करतात.

आपल्या नमुन्यात १५ ते २५ मिमी हा आकडा शीत आघाडीसोबत आला आहे, म्हणजे तो दिवसभर वाटला जाणार नाही. तो बहुधा संध्याकाळच्या एक-दोन तासांत पडेल. हे अंदाजात कुठेही लिहिलेलं नाही, आधीच्या ओळीवरून आपण काढलं. आघाडीची ओळ न वाचता मिलिमीटर वाचले तर नेमकं हेच निसटतं.

पायरी ५: इशाऱ्यातले शब्द तोलून पाहा

सूचना, पूर्वसूचना आणि इशारा हे शब्द बोलताना आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण हवामान खाती ते मोजूनमापून वापरतात. सूचना म्हणजे त्रास होईल, बेत बदलावे लागतील, पण काळजी घेतली तर बहुतेकांच्या जिवाला धोका नाही. पूर्वसूचना म्हणजे मोठं संकट येण्याजोगी परिस्थिती आहे, अजून नक्की नाही, तयारीत राहा. आणि तीन शब्द वेगळे वापरले जातात तिथे इशारा म्हणजे ते येतंय किंवा आलंच आहे, आता कृती करा. पूर्वसूचना तयारीसाठी आणि इशारा कृतीसाठी, एवढा भेद पक्का असू द्या.

बऱ्याच देशांत याऐवजी रंग वापरतात: पिवळा, नारिंगी, लाल. रंग केवळ किती पाऊस पडेल ते सांगत नाही. अनेक ठिकाणी तो दोन गोष्टींवर मिळून ठरतो: घडण्याची शक्यता किती, आणि घडलं तर नुकसान किती. शक्यता कमी पण नुकसान मोठं असलं तरी पिवळा लागतो, आणि शक्यता भरपूर पण नुकसान किरकोळ असलं तरी पिवळाच. म्हणून रंगावर न थांबता खालचा मजकूर वाचा. इशारे पाठवण्यासाठी जगभर वापरला जाणारा कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल नावाचा नमुना आहे. त्यात प्रत्येक इशाऱ्याला तीन रकाने असतात: किती तातडीचं, किती गंभीर आणि किती खात्रीचं. कुठलाही इशारा वाचताना हेच तीन प्रश्न विचारा. आपल्या नमुन्यात तातडी दुपारी चारपासूनची, गांभीर्य मध्यम, खात्री दहात सहाची. म्हणजे बाहेरची कामं चारच्या आत उरकायची, पाणी साचणाऱ्या जागेतून गाडी हलवायची, आणि गडगडाट कानी पडला की उघड्यावर थांबायचं नाही. रात्री दहानंतर हा इशारा संपतो, तो वाढवला आहे का ते नऊच्या सुमारास पुन्हा पाहायचं.

पायरी ६: दुसऱ्या दिवशी पडताळा घ्या

आघाडी खरंच गेली का हे पावसावरून ठरवू नका. एखादी सर तिच्या पुढेही पडून जाते आणि माणूस समजतो, झालं संपलं. चार खुणा पाहा: उत्तर गोलार्धात वारा दक्षिण किंवा नैऋत्येकडून फिरून वायव्येकडून येऊ लागतो, आधी उतरत असलेला हवेचा दाब चढू लागतो, तापमान उतरतं आणि दवबिंदू घसरतो. यांतली शेवटची खूण मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण रात्री तापमान तसंही उतरतं आणि वारा वादळी ढगाखाली तात्पुरता कसाही वळतो.

समजा दुसऱ्या दिवशीचा अंदाज असा आहे: किमान १५, कमाल २६, दवबिंदू १२, आर्द्रता सकाळी ८२ टक्के आणि दुपारी ४२. नुसते टक्के पाहिले तर काल दुपारी ४९ होते, आज ४२. फारसं काही बदललं नाही असं वाटेल. पण दवबिंदू २१ वरून १२ वर आला आहे. घनमीटरमागे १८ ग्रॅमच्या जागी जेमतेम १० ग्रॅम वाफ उरली आहे. हवाच दुसरी आली आहे. आणि समजा सकाळी उठून पाहिलं तर पाऊस पडून गेलाय, अंगण ओलं आहे, पण दवबिंदू अजून २० वरच अडकला आहे, तर आघाडी अजून मागेच रेंगाळते आहे. छत्री जवळ ठेवा, दुपारी पुन्हा ढग चढतील.